जखमेचा फोटो कसा वाचावा?

समजा, साठीच्या एका मधुमेही गृहस्थांच्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी जखम आहे. मुलगी आठवड्याच्या अंतराने काढलेले दोन फोटो पाठवते आणि विचारते, "सिस्टर, जखम मोठी झाली का हो?"

अनुभवी सिस्टर आधी फोटो कसा काढला ते विचारतात. जखम सलाईनने धुऊन, शेजारी पट्टी ठेवून, सरळ वरून काढलेला फोटोच कामाचा. मलमाचा थर राहिला असेल तर तो पिवळट-पांढरा दिसून फसवतो.

मग त्या तळाचा रंग पाहतात. लाल, ओलसर, दाणेदार भाग म्हणजे नवे मांस, ज्याला दवाखान्यात 'ग्रॅन्युलेशन' म्हणतात. पिवळा, चिकटून बसलेला थर म्हणजे 'स्लफ'. तो मृत पेशींचा असतो, त्याला पू समजू नये. काळा भाग म्हणजे मेलेली कातडी. कडेने आत सरकणारी फिकट गुलाबी किनार ही नवी त्वचा. यांतला प्रत्येक भाग अंदाजे किती टक्के, याची नोंद करतात.

पहिल्या फोटोत जखम ४ बाय ३ सेंटिमीटर आहे. त्यात पिवळा भाग ६० टक्के, लाल ३० आणि काळा १०. दुसरा फोटो डॉक्टरांनी मृत भाग कापून काढल्यानंतरचा. आता जखम ४.५ बाय ३ झाली, पण ८० टक्के लाल आहे आणि काळं काहीच उरलेलं नाही. म्हणजे आकार वाढला तरी जखम भरण्याच्या वाटेला लागली आहे. गुलाबी किनार मात्र अजून दिसत नाही.

इथे थांबलं तर चूक होईल, कारण संसर्गाच्या खुणा बऱ्याचदा जखमेच्या बाहेर दिसतात. दुसऱ्या फोटोत कडेपासून पावलाच्या वरच्या बाजूकडे अडीच सेंटिमीटरपर्यंत लाली पसरली आहे आणि कातडी ताणून चकाकते आहे. मधुमेही पायात दोन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त पसरलेली लाली साध्या, वरवरच्या संसर्गाच्या पलीकडची मानतात. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, ती जांभळट किंवा जास्त काळपट वाटते. म्हणून दुसऱ्या पायाचाही फोटो मागवावा.

फोटोत न दिसणारं फोनवर विचारावं लागतं. पाय हाताला गरम लागतो का? सूज, पू, घाण वास, ताप आहे का? साखर अचानक वाढली का? दुखत नाही म्हणून निश्चिंत राहू नये, कारण मधुमेहाने नसा बधिर झालेल्या असतात. जखम किती खोल आहे, हाडापर्यंत गेली आहे का, हे तर प्रत्यक्ष तपासूनच कळतं.

म्हणून सिस्टर मुलीला सांगतात, "आतून जखम सुधारतेय, पण भोवतालची लाली चांगली नाही. त्या लालीच्या कडेने पेनाने रेघ मारा, वेळ लिहा आणि वडिलांना आजच डॉक्टरांकडे न्या."