मोठा खोका महाग पडतो

चिनी मातीच्या मगासाठी खोका प्रत्येक बाजूने दीड सेंटिमीटर मोठा पुरतो. ती जागा बबल रॅपने गच्च भरावी. बंद खोका हलवल्यावर आत काही सरकले, तर रॅप कमी पडले. खोका उगाच मोठा घेतला की भाडे वाढते. अनेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी व उंचीच्या सेंटिमीटरमधील गुणाकाराला ५००० ने भागतात आणि हे किलो प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त भरले, तर त्यांचेच पैसे लावतात. १५×१२×१३ चा खोका अर्ध्या किलोच्या आत राहतो; २०×२०×१५ चा १.२ किलो भरतो.

आता पॅकिंगचा खर्च. समजा, खोका ९ रुपये, रॅप ५, चिकटपट्टी व लेबल ३, असे १७ झाले. २०० रुपयांचे शंभरात दोन मग फुटत असतील, तर पार्सलमागे आणखी ४ धरावेत. नेमके हेच विसरले जातात.