दिवा मालवल्यावरची झडती

रोमन मेजवानीत साधारणपणे नऊ जणांची सोय असे. तीन बाजूंना तीन कोच, प्रत्येकावर तिघे, डाव्या कोपरावर रेलून जेवणारे. कोणी कुठे रेलायचं याचे संकेत ठरलेले असत आणि मधल्या कोचावरची एक जागा खास मानाची. अशाच एका जेवणात एकाला खालची जागा मिळाली. तो यजमानावर चिडला, आमंत्रण द्यायला आलेल्यावर चिडला आणि आपल्याहून वर बसलेल्या पाहुण्यावरही चिडला. आपल्याकडच्या लग्नातलं मानपान ज्याने पाहिलं आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

हा किस्सा सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने राग या विषयावरच्या आपल्या ग्रंथात, तिसऱ्या भागाच्या शेवटाकडे नोंदवला आहे. चिडलेल्या माणसाला तो ‘तू’ म्हणतो आणि वेड्यात काढतो. हा ‘तू’ म्हणजे तो स्वतःच. हे सगळं तो रात्री, झोपण्यापूर्वी स्वतःशी बोलतो आहे. दिवा मालवला की त्याची सवय ठाऊक असलेली बायको बोलणं थांबवते आणि तो सकाळपासूनचा दिवस पुन्हा चालून जातो. काय केलं, काय बोललो, काहीही न वगळता.

ही रीत त्याने क्विंटस सेक्स्टियस या आधीच्या पिढीतल्या रोमन विचारवंताकडून घेतली. सेक्स्टियस रात्री स्वतःला तीन गोष्टी विचारत असे: आज कोणती खोड बरी केलीस, कोणत्या दोषाला अडवलंस आणि कोणत्या बाबतीत आधीपेक्षा चांगला झालास. त्याच्याही मागे पायथागोरसच्या पंथाची जुनी परंपरा होती. त्या परंपरेतल्या पद्यात डोळे मिटण्यापूर्वी दिवसाचं प्रत्येक काम तपासायला सांगितलं आहे. गुलामगिरीतून सुटून शिक्षक झालेला एपिक्टेटस ही पद्यं विद्यार्थ्यांना सांगे आणि वर बजावे की ती घोकायची नाहीत, वापरायची आहेत.

सेनेकाची झडती वाचताना एक गोष्ट लक्षात येते. ‘मी वाईट माणूस आहे’ या निष्कर्षाकडे तो एकदाही जात नाही. वादात जरा जास्तच चढ्या आवाजात बोललास, तर पुढच्या वेळी ज्यांना कधीच काही शिकायचं नव्हतं त्यांच्या नादी लागू नकोस. अमक्याची कानउघाडणी गरजेपेक्षा मोकळेपणाने केलीस, त्यामुळे तो सुधारला नाही, दुखावला मात्र. तर आपलं म्हणणं खरं आहे का एवढंच पाहू नकोस, समोरच्याला ते सोसेल का तेही पाहा. पुन्हा असं करू नकोस, या वेळेपुरती माफी. मिशेल फुको या फ्रेंच विचारवंताने यावर नेमकं बोट ठेवलं: सेनेका न्यायालयाची भाषा वापरत असला तरी वागतो हिशेब तपासनिसासारखा. शिक्षा हा त्याचा उद्देशच नाही. काम कुठे चुकलं ते शोधून पुढचा नियम लिहायचा आणि झोपायचं. या झडतीनंतर झोप गाढ लागते, असं तो आवर्जून सांगतो.

आता हे आजच्या एका माणसावर लावून पाहू. समजा, गृहनिर्माण सोसायटीचे एक खजिनदार आहेत. वार्षिक सभेत एका सभासदाने पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीची बिलं सर्वांसमोर मागितली. खजिनदार भडकले, ‘तुम्ही स्वतः कधी एक पैशाचं काम केलंय का?’ म्हणाले आणि फाइल आपटून निघून आले. रात्री ते झडतीला बसले. आधी घटना, विशेषणांशिवाय: बिलं मागितली, मी ती दाखवली नाहीत, अमुक वाक्य बोललो. ‘त्याने माझा अपमान केला’ हे वाक्य इथे चालणार नाही. अपमान ही घटना नव्हे, तो घटनेवर मारलेला शेरा आहे. मग दुसरं काम, तो शेरा शोधणं. बिलं मागितल्याच्या क्षणी मनात काय उमटलं? ‘चाळीस घरं मला चोर समजतायत आणि यापरती वाईट गोष्ट नाही.’ स्टोइकांच्या मते राग इथे जन्मतो, त्या मागणीत नाही. माणसाचं खरं भलंबुरं फक्त त्याच्या निवडीत आणि वागण्यात असतं. अब्रू, पैसा, तब्येत या हव्याहव्याशा पण आपल्या मुठीत नसलेल्या गोष्टी. खजिनदारांनी या दुसऱ्या रकान्यातली गोष्ट पहिल्यात लिहिली होती. तिसरं, पुढची सूचना, आणि ती करता येण्याजोगी हवी: पुढच्या सभेला बिलांच्या प्रती आधीच वाटायच्या. ‘यापुढे शांत राहायचं’ ही सूचना नव्हे, ती नुसती इच्छा.

ही सवय बहुधा दोन ठिकाणी बिघडते. कधी ती समोरच्यावरचा खटला होते. ओळखायचं कसं? वाक्यांचे कर्ते पाहा. ‘त्याने’, ‘तिने’, ‘त्या लोकांनी’ अशी वाक्यं सुरू झाली की झडती संपली, भांडणाचा दुसरा अंक चालू झाला. आणि कधी तीच स्वतःला चाबकाने फोडणं होते. तेव्हा कर्ता ‘मी’च असतो, पण सूचना निघतच नाही, तेच ते वाक्य फिरत राहतं आणि झोप पळते. सेनेकाची कसोटी लावायची तर जी झडती झोपू देत नाही ती चुकीची चालली आहे.

दुसरा अभ्यास मराठी घरात नुसता बोलून दाखवला तरी ओरडा बसेल. तो म्हणजे जवळचं माणूस किंवा वस्तू हातची जाईल, अशी आधीच कल्पना करायची. अशुभ बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. गंमत म्हणजे एपिक्टेटसलाही हाच आक्षेप घेतला गेला होता. पोराला जवळ घेताना मनात म्हण, हे उद्या नसेल, असं तो शिकवी. हे शब्द अभद्र आहेत म्हटल्यावर त्याचं उत्तर असं की निसर्गाचा क्रम सांगणारा कोणताच शब्द अभद्र नाही. नाहीतर कणसं कापली जातात हेसुद्धा अभद्र म्हणावं लागेल.

मुलाचं उदाहरण अंगावर येतं, म्हणून लोक बहुधा त्याच्या आधीची पायरी विसरतात. एपिक्टेटस सुरुवात मडक्यापासून करतो. आवडतं मडकं असेल तर स्वतःला सांग की आपल्याला एक मडकं आवडतं. ते फुटलं तर तू कोलमडणार नाहीस. मग हळूहळू वर. तो स्वतःही याच पायरीवर दिसतो. त्याच्या घरी देवांजवळ एक लोखंडी दिवा होता. एका रात्री खिडकीशी आवाज आला, तो खाली धावला, तर दिवा चोरीला गेलेला. उद्या मातीचा आणू, असं त्याने ठरवलं. हे ऐकायला फार थोर वाटत नाही, पण सरावाचं वजन एवढंच असतं. नवा फोन हातातून पडण्यापूर्वी तो पडलेला पाहणं जमत नसेल, तर माणसांपर्यंत जाण्याची घाई करू नये.

या अभ्यासाच्या बाजूने सर्वांत बोलका पुरावा सेनेकाच्या एका हारीचा आहे. ॲनेयस सेरेनस हा त्याचा तरुण मित्र. रोमच्या अग्निशमन आणि रात्रपहारा दलाचा तो प्रमुख होता, आणि थोरल्या प्लिनीच्या नोंदीनुसार एका मेजवानीतल्या विषारी अळंब्यांनी गेला. पुढे एका पत्रात दुसऱ्याचं सांत्वन करताना सेनेका कबूल करतो की सेरेनससाठी आपण मर्यादेबाहेर रडलो. कारणही देतो: तो आपल्याहून लहान, मग तो आपल्याआधी जाईल हे कधी मनातच आलं नव्हतं. मृत्यूवर इतकं लिहिणाऱ्या माणसाने नेमकी हीच शक्यता पाहिली नव्हती.

पण काळजी करणारा माणूस तर दिवसभर हेच करतो, मग फरक काय? हा प्रश्न तेव्हाही होता. एपिक्युरसचं म्हणणं होतं की कदाचित कधीच न येणाऱ्या संकटांचा विचार करून आजचा दिवस नासवणं हा मूर्खपणा आहे. सेनेकालाही हे ठाऊक होतं. वेळेआधी दुःखी होऊ नकोस, असं तो लुसिलियसला लिहितो. मला एपिक्युरसचा आक्षेप पूर्ण खोडता येत नाही, पण फरक दाखवता येतो. काळजी ‘असं झालं तर’ने सुरू होते आणि साखळीसारखी वाढते: मुलाला यायला उशीर झाला, मग अपघात, मग इस्पितळ, मग पैसे कुठून. ती थांबत नाही, कारण ती घटना टाळायचा उपाय शोधत असते. अभ्यासात घटना झालेलीच धरायची असते. एकच चित्र, क्षणभर, आणि त्यानंतर ‘आता माझ्या हातात काय उरलं?’ हा एकच प्रश्न. मग समोरच्या माणसाकडे परत यायचं. एपिक्टेटसने मुलाला जवळ घेण्याचाच क्षण निवडला, तो त्यासाठी. रात्री अंथरुणात तासभर केलेली कल्पना ही काळजीच, तिला ग्रीक नाव दिलं तरी. आणि जो आधीच औदासीन्याने किंवा सततच्या भीतीने ग्रासला आहे, त्याने हे स्वतःवर करून पाहू नये. ताज्या शोकाबाबत तर स्टोइकांचाच इशारा आहे: मनाची सूज नवी असताना तिच्यावर औषध लावू नये, असं क्रिसिपसचं मत सिसेरोने नोंदवलं आहे.

या सवयींना ‘आध्यात्मिक अभ्यास’ म्हणायची चाल पाडली ती पिएर आदो (1922–2010) या फ्रेंच अभ्यासकाने. तरुणपणी तो कॅथलिक पाद्री होता. 1952 मध्ये त्याने ते सोडलं. 1981 च्या त्याच्या पुस्तकाचा दावा असा की प्राचीन तत्त्वज्ञान ही मुळात जगण्याची तालीम होती. यात नुसती बुद्धी पुरत नाही, कल्पना आणि भावनाही राबतात आणि अख्ख्या माणसाची पाहण्याची रीत बदलायची असते. म्हणून नैतिक किंवा मानसिक हे शब्द त्याला तोकडे वाटले. अल्बर्ट एलिसचा विवेकनिष्ठ मानसोपचार मराठी वाचकांना परिचित आहे, आणि एलिसने एपिक्टेटसचं ऋण उघड मान्य केलं होतं. त्या उपचारात चुकीचा शेरा सापडला, त्रास कमी झाला की काम झालं. स्टोइकांचं तेवढ्यावर भागत नसे. हरवलं म्हणू नकोस, परत दिलं म्हण, असं एपिक्टेटस सांगतो तेव्हा घेणारा कोणीतरी आहे हे त्याने धरलेलं असतं: विवेकाने चालणारं विश्व, ज्याला तो झ्यूसही म्हणतो.

आजचा वाचक इथे अडखळतो, आणि अडखळायला हवं. घेणाराच नसेल तर परत कुणाला द्यायचं? आदोचं उत्तर असं की अभ्यास आणि त्याचं समर्थन करणारा सिद्धांत वेगळे करता येतात. एकच अभ्यास वेगवेगळ्या पंथांनी आपापल्या कारणांसाठी केला आहे. मला हे अर्धंच पटतं. झडती कोणत्याही श्रद्धेशिवाय चालते. वियोगाच्या कल्पनेतून मात्र तो घेणारा काढला की कडा बोथट होत नाही, उलट धारदार होते.

मार्कस ऑरेलियसला ही फट दिसत होती. विश्वामागे योजना असेल किंवा नुसते अणू असतील, दोन्ही धरून आपण कसं वागायचं, हा प्रश्न त्याच्या वहीत पुन्हा पुन्हा येतो. त्याला किमान 13 मुलं झाली आणि बहुतेक लहानपणीच गेली. लोक मूल वाचू दे म्हणून प्रार्थना करतात, आपण ते गमावण्याची भीती जाऊ दे म्हणून करावी, असं तो एके ठिकाणी लिहितो. पुढे अकराव्या भागात एपिक्टेटसचा तो मुलाचा अभ्यास, अभद्र बोलण्याच्या आक्षेपासकट, तो पुन्हा उतरवून घेतो. जी गोष्ट अंगी भिनली आहे, ती कोणी पुन्हा वहीत उतरवत बसत नाही.