यादीत नसलेलं वसतिगृह

अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, २१ फेब्रुवारी २०११ च्या दुपारी, आमच्या धाकट्या बाईंना एका दुमजली इमारतीच्या गच्चीवर थाळ्या दिसल्या. कठड्याला टेकवून उन्हात वाळत ठेवलेल्या, एका ओळीत चाळीस-बेचाळीस तरी असतील. हातातल्या नकाशावर मात्र त्या इमारतीचा चौकोन काळा भरलेला होता.

जनगणनेच्या नकाशात काळ्या चौकोनाला अर्थ असतो. पक्क्या इमारतीला चौकोन काढतात आणि कच्च्या घराला त्रिकोण. आत कोणी राहत असेल तर आकृती कोरी ठेवतात, राहत नसेल तर भरतात. म्हणजे इमारत क्रमांक २३ मध्ये कोणी राहत नव्हतं. यादीही तेच सांगत होती. २३(१) आणि २३(२) ही खालची दोन दुकानं, २३(३) हा वरचा मजला, वापर 'शाळा'. पुढे कुटुंब क्रमांकाचा रकाना कोरा.

धाकट्या बाई म्हणजे आमच्या शाळेत वर्षभरापूर्वी लागलेल्या शिक्षिका, वय चोवीस. शाळेत सगळे त्यांना त्याच नावानं हाक मारायचे. त्या प्रगणक होत्या, मी पर्यवेक्षक. माझ्याकडे सहा प्रगणक होते, आणि मे महिन्यातली घरयादीही माझ्याच सहीनं वर गेली होती. त्यांचा फोन आला तेव्हा मी चुकीचं उत्तर दिलं. "यादीत नाही ना? मग शेजारच्या गटात असेल. नाल्यापलीकडचा गट दुसऱ्या सरांकडे आहे."

"सर, इमारत नाल्याच्या अलीकडे आहे," त्या म्हणाल्या. "आणि थाळ्या वाळताहेत."

संशय आला म्हणून लगेच माणसं लिहायला बसायचं नसतं. आधी ती इमारत दुसऱ्या कोणाच्या वहीत नाही ना, हे पाहायचं असतं, नाहीतर एक माणूस दोनदा मोजला जातो. संध्याकाळी आम्ही शेजारच्या प्रगणकाचा नकाशा आपल्या नकाशाशेजारी ठेवला. त्यांची हद्द नाल्यापर्यंत होती, आमचीही नाल्यापर्यंत. इमारत निर्विवाद आमची होती आणि ती कोणीच मोजणार नव्हतं.

हे घडलं कसं, ते तारखा शेजारी ठेवल्यावर कळतं. आपल्याकडची जनगणना दोन टप्प्यांत होते. आधी घरांची यादी, मग माणसांची मोजणी. महाराष्ट्रात घरयादीचं काम १ मे ते १५ जून २०१० या काळात झालं आणि माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात. विदर्भात शाळा उघडतात जूनच्या अखेरीस. मे महिन्यात आमचा प्रगणक गेला तेव्हा वरच्या मजल्याला कुलूप होतं. खाली दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला, "शाळेवाल्यांचं आहे." ते खोटं नव्हतं. वसतिगृह शाळा चालवणाऱ्या संस्थेचंच होतं. पण 'शाळेवाल्यांचं' हे कागदावर 'शाळा' झालं आणि चौकोन भरला गेला. मीही जाऊन पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मागच्या बाजूला एका रांगेत बारा नळ होते, आणि कोणत्याही वर्गखोलीला बारा नळ लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी बाईंबरोबर गेलो. दारात चपलांचा ढीग होता. थाळ्या आता जेवणघरात रचून ठेवल्या होत्या. मुली घरूनच थाळी-वाटी आणतात, त्यामुळे प्रत्येकीच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं. कोणाच्या थाळीवर बापाचं, कोणाच्या आजीचं, एकीवर तर लग्नाची तारीखसुद्धा. बाईंनी थाळ्या मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. "थाळ्यांवरून माणसं मोजता येणार नाहीत," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

वसतिगृहाच्या मॅडमनी हजेरीपट पुढे केला. "त्रेचाळीस मुली आहेत, यावरूनच उतरवून घ्या ना." मला तो रस्ता सोपा वाटला. बाईंनी ऐकलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं, कारण हजेरीपट आणि जनगणना वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. हजेरीपटावर प्रवेश घेतलेल्या मुली असतात. जनगणनेला हवं असतं ते त्या वीस दिवसांत कोण कुठे राहिलं.

मग एकेक नाव घेऊन बसलो. दोन मुली कावीळ झाली म्हणून ६ फेब्रुवारीलाच गावी गेल्या होत्या आणि मार्चआधी येणार नव्हत्या. मोजणीचा सगळा काळ त्या घरी, म्हणून त्यांची नोंद घरी व्हायला हवी. राहिल्या एक्केचाळीस. तिघी शनिवार-रविवार घरी जाऊन येणार होत्या. त्या नेहमी राहतात वसतिगृहात आणि मोजणीच्या काळातले बरेच दिवसही इथेच, म्हणून त्या इथेच. मग कोपऱ्यातून एक बारावीतली मुलगी उठली. तिचं नाव हजेरीपटावर नव्हतं. परीक्षेच्या तयारीसाठी ती धाकट्या बहिणीच्या खोलीत जानेवारीपासून राहत होती आणि परीक्षा संपेपर्यंत गावी जाणार नव्हती. मॅडम अवघडल्या, कारण नियमात ते बसत नव्हतं. बाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, हे कोणाला दाखवायचं नसतं. जनगणना कायद्यानं ही माहिती गुप्त ठेवावी लागते." १९४८ च्या कायद्यात तशी तरतूद खरंच आहे. मुलीचं नाव लिहिलं. बेचाळीस.

मुलींबरोबर झोपणाऱ्या आणि त्यांच्याच पंगतीत जेवणाऱ्या मेट्रनबाई त्रेचाळिसाव्या. आकडा हजेरीपटाइतकाच आला, पण माणसं तीच नव्हती. हजेरीपट उतरवला असता तर दोन मुली चुकून आल्या असत्या, दोघीजणी सुटल्या असत्या आणि बेरीज बरोबर दिसल्यामुळे चूक कोणालाच सापडली नसती.

स्वयंपाकीणबाई जेवायच्या तिथे, पण झोपायला घरी जायच्या. त्या घरी मोजल्या गेल्या होत्या. आणि मॅडम स्वतः? त्या नवरा आणि लहान मुलासह मागच्या अंगणातल्या दोन खोल्यांत राहायच्या. इथे चूल विचारायची असते. जनगणनेच्या भाषेत कुटुंब म्हणजे सामान्यतः एकत्र राहून एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. एकमेकांशी नातं नसलेली माणसं एखाद्या संस्थेत राहून सामायिक स्वयंपाकघरात जेवत असतील तर ते संस्थात्मक कुटुंब. वसतिगृह, आश्रम, अनाथालय, तुरुंग हे सगळे त्यात. मॅडमचा गॅस वेगळा होता, म्हणून त्यांचं तिघांचं वेगळं, साधं कुटुंब. त्या दोन खोल्यांना मे महिन्यात क्रमांकच पडला नव्हता. मागाहून सापडलेल्या इमारतीला शेजारच्या क्रमांकाला जोडून क्रमांक देतात, तसा त्यांना २३/१ दिला. वसतिगृहाच्या पत्रकात कुटुंबप्रमुख म्हणून मेट्रनबाई लिहिल्या आणि बाकी सगळ्यांपुढे नातं 'असंबंधित'. एका बारा वर्षांच्या मुलीनं ते वाचून विचारलं, "म्हणजे आम्ही कोणाच्याच नाही का?" बाईंनी लेखणी खाली ठेवली आणि तिला पुरती समजावून सांगितल्यावरच पुढचं नाव लिहिलं.

सगळ्यात जास्त वेळ मातृभाषेच्या रकान्याला लागला. मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांची मराठी लिहा, शाळा मराठीच आहे." पण मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती, आणि ती ज्याची त्यानं सांगायची असते. बाईंनी प्रत्येकीला विचारलं. धारणी आणि चिखलदऱ्याकडच्या मुली आधी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एक म्हणाली, "कोरकू." त्यानंतर कोरकू सांगणाऱ्या एकोणतीस निघाल्या. मराठी आणि हिंदी त्यांनी 'इतर अवगत भाषा' या रकान्यात सांगितल्या. मराठीच्या आजूबाजूला वाढलेली ही मुंडा कुळातली भाषा किती जण बोलतात, हे देशाला कळण्याचा हा एक मोठा मार्ग, आणि तो त्या संध्याकाळी मॅडमच्या एका वाक्यानं बंद झाला असता.

घरी गेलेल्या त्या दोघींची काळजी बाईंना रात्रीही सोडेना. गावातला प्रगणक त्यांच्या घरी जाईल, आई सवयीनं सांगेल, "पोरगी होस्टेलला असते," आणि तो पुढच्या घरी जाईल. इकडे आम्ही वगळलं, तिकडे त्यानंही वगळलं, की पोरगी कुठेच नाही. वसतिगृहातली मुलं गळतात ती बहुधा अशीच. दोन्हीकडची माणसं नियमानं बरोबर वागतात आणि मध्ये मूल हरवतं. बाईंनी मॅडमकडून नंबर घेऊन दोन्ही घरी फोन लावला. एका घरी मोजणी व्हायची होती. दुसऱ्या घरी होऊन गेली होती आणि आईनं खरोखरच तेच वाक्य सांगितलं होतं. "१ ते ५ मार्चला गणनेवाले पुन्हा फेरी मारतील," बाई म्हणाल्या. "तेव्हा सांगा काका, पोरगी महिनाभर घरीच आहे, तिचं नाव राहिलंय." ५ मार्चच्या संध्याकाळी त्यांनी परत फोन करून नाव लागल्याची खात्री केली.

बाईंच्या गटात तोवर ६५८ माणसं लिहून झाली होती. वसतिगृहाची ४३ आणि मॅडमच्या घरची ३ धरून ती ७०४ झाली. मोजणीनंतर देशभर नमुना पडताळणी होते. २०११ च्या पडताळणीत हजारी २३ माणसं गळल्याचा अंदाज निघाला होता. आमच्या गटात ती इमारत तशीच राहिली असती तर गळती हजारी ६५ झाली असती, आणि गळलेल्यांत बहुतेक शिकणाऱ्या आदिवासी मुली असत्या. मी चार्ज अधिकाऱ्यांकडे घरयादीतली दुरुस्ती लेखी दिली. कारण म्हणून 'सुट्टीत बंद असल्याने नोंद राहिली' असं लिहिलं. त्याखाली 'पर्यवेक्षकाने प्रत्यक्ष पाहणी केली नव्हती' हेही लिहायला हवं होतं. ते तेव्हा लिहिलं नाही, म्हणून इथे लिहितो.

नव्या जनगणनेच्या घरयादीसाठी २०२६ चे एप्रिल ते सप्टेंबर हे महिने ठरले आहेत आणि आपल्याकडची माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. म्हणजे यादीच्या काळात उन्हाळ्याची सुट्टी पुन्हा येते. कागदाऐवजी मोबाइल आला तरी कुलूप तेच असेल. ज्यांच्या हाती यादी असेल त्यांनी कुलूपबंद शाळेच्या मागे जाऊन नळ मोजावेत. आणि ज्यांची मुलं वसतिगृहात आहेत त्यांनी फेब्रुवारीत एक फोन करून विचारावं, "तुझं नाव तिकडे लिहून घेतलं का गं?"