निम्मे आणि दुप्पट : जुन्या गुणाकारातील अर्धच्छेद

पाढे पाठ नसतानाही कोणताही मोठा गुणाकार करता येतो. त्यासाठी दोनच क्रिया याव्या लागतात: एखाद्या संख्येचे निम्मे करणे आणि दुप्पट करणे. युरोपात ही रीत रशियन शेतकऱ्यांच्या नावाने ओळखली जाते. तिचेच जवळचे रूप, केवळ दुप्पट करीत जाण्याचे, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधील आहमेस या लेखनिकाने लिहिलेल्या पपायरसात आढळते. तो पपायरस आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

समजा, ८६ रुपये नगाप्रमाणे ३७ पंचे घ्यायचे आहेत. डावीकडे ३७ आणि उजवीकडे ८६ लिहावे. पुढील प्रत्येक ओळीत डावीकडील संख्या निम्मी करावी व उजवीकडील दुप्पट करावी. निम्मे करताना अर्धा उरल्यास तो सोडून द्यावा. डावीकडे १ आला की थांबावे.

| निम्मे | दुप्पट | |
|---|---|---|
| ३७ | ८६ | ठेवा |
| १८ | १७२ | खोडा |
| ९ | ३४४ | ठेवा |
| ४ | ६८८ | खोडा |
| २ | १३७६ | खोडा |
| १ | २७५२ | ठेवा |

ज्या ओळीत डावीकडे सम संख्या आहे ती ओळ खोडावी आणि उरलेल्या ओळींतील उजवीकडच्या संख्यांची बेरीज करावी. ८६ + ३४४ + २७५२ = ३१८२. हेच ३७ गुणिले ८६ यांचे उत्तर आहे.

सम ओळी का खोडायच्या, याचे उत्तर मालाच्या बांधणीत मिळते. ३७ पंच्यांच्या जोड्या बांधल्या, तर १८ जोड्या होतात आणि एक पंचा सुटा राहतो. त्या सुट्या पंच्याचे ८६ रुपये बाजूला मांडून ठेवावेत. एका जोडीची किंमत १७२ रुपये. आता दोन दोन जोड्या एकत्र बांधल्या, तर चार पंच्यांचे ९ गठ्ठे होतात व एकही जोडी सुटी राहत नाही. म्हणून १७२ ची ओळ खोडली जाते. ९ गठ्ठे पुन्हा दोन दोन बांधताना एक गठ्ठा सुटा उरतो. त्याचे ३४४ रुपये मांडावेत. याच क्रमाने शेवटी ३२ पंच्यांचा एकच मोठा गठ्ठा राहतो. त्याची किंमत २७५२ रुपये. म्हणजे सोडून दिलेला अर्धा वाया गेलेलाच नसतो, तो सुट्या नगाच्या रूपाने बेरजेत आलेला असतो.

अशा रीतीने ३७ चे ३२ + ४ + १ असे विभाजन झाले. विषम ओळीला १ आणि सम ओळीला ० लिहून तक्ता खालून वर वाचला, तर १००१०१ अशी मांडणी मिळते. द्विमान म्हणजेच बायनरी पद्धतीत ३७ ही संख्या अशीच लिहितात. पद्धतीचे नावही न ऐकलेला माणूस निम्मे करता करता तीच वापरीत असतो. संगणकही द्विमान संख्यांचा गुणाकार मुळात असाच करतो: दुप्पट करणे म्हणजे अंक एक घर डावीकडे सरकवणे, आणि जिथे १ असेल तिथे बेरीज करणे.

जैन गणिताच्या अभ्यासकाला येथे ‘अर्धच्छेद’ आठवेल. एखाद्या संख्येचे किती वेळा निम्मे करता येते, ती गणना म्हणजे अर्धच्छेद. ३२ चे अर्धच्छेद ५, ८ चे ३. नवव्या शतकात आचार्य वीरसेन यांनी षट्खंडागमावरील धवला टीकेत यांचे नियम दिले आहेत. दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद हे त्या संख्यांच्या अर्धच्छेदांच्या बेरजेइतके असतात. ३२ गुणिले ८ म्हणजे २५६, आणि त्याचे अर्धच्छेद ५ + ३ = ८. अनुयोगद्वार सूत्रात तर मनुष्यांची संख्या ९६ वेळा निम्मी करता येणारी अशी सांगितली आहे. ती २९ अंकी संख्या आहे. तिचा वरीलप्रमाणे तक्ता केला, तर ९७ ओळी होतील आणि शेवटची एकच ठेवावी लागेल.

यावरून आचार्य द्विमान अंक लिहीत होते, असे मात्र म्हणता येत नाही. अर्धच्छेद छेद किती झाले एवढेच मोजतात. प्रत्येक छेदाला काही सुटे राहिले की नाही, याची नोंद ठेवीत नाहीत. द्विमान लेखनाचा प्राण ती नोंदच आहे. निम्मे करण्याची क्रिया तीच, प्रश्न वेगळा.

व्यवहारात ही रीत वापरताना निम्मी करायची संख्या पूर्णांकच हवी. भाव ८६ रुपये ५० पैसे असला तरी चालतो, कारण तो केवळ दुप्पट होतो. नेहमीची चूक पहिल्या ओळीत होते. १८ गुणिले ८६ करताना पहिली ओळ मूळ संख्येची म्हणून ठेवली, तर १५४८ ऐवजी १६३४ येतात, म्हणजे नेमका एक नग जास्त. पडताळा हवा असल्यास बाजू बदलावी. ८६ निम्मे व ३७ दुप्पट करीत गेल्यास ७४ + १४८ + ५९२ + २३६८ उरतात, आणि त्यांची बेरीजही ३१८२ च येते.