शून्य चुकतं तेव्हा, स्पॅन चुकतो तेव्हा

इचलकरंजीतल्या एखाद्या प्रोसेस हाउसमध्ये कापड रंगवायला आणि वाळवायला वाफ लागते. बॉयलर साडेदहा किलोवर चालतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साडेदहा किलोचा दाब. ही वाफ आधी एका जाड पाइपात, हेडरमध्ये येते आणि तिथून यंत्रांकडे जाते. हेडरमधला दाब कंट्रोल रूमपर्यंत पोचवतो तो प्रेशर ट्रान्समीटर. त्याच्या आत धातूचा पातळ पडदा असतो. दाबाने तो किंचित वाकतो आणि त्या वाकण्याच्या प्रमाणात उपकरण तारेतून प्रवाह पाठवतं. दाब शून्य असेल तर 4 मिलिअँपिअर, पूर्ण दाबाला 20. शून्य दाबालाही 4 ठेवण्यामागे कारण आहे. तार तुटली तर प्रवाह खरोखरच शून्य होतो आणि बिघाड लगेच ओळखता येतो.

आपण 0 ते 16 किलो रेंजचा ट्रान्समीटर घेऊ. त्यात हिशेब सोपा आहे. दाबाच्या किलोत चार मिळवले की मिलिअँपिअर मिळतात. 8 किलोला 12, 16 किलोला 20.

वर्षभर वाफेच्या सान्निध्यात राहून हे गणित हळूहळू सरकतं, आणि ते दोन तऱ्हांनी सरकतं. तराजूला पासंग असेल तर पाव किलो तोला की पाच किलो, फरक तेवढाच राहतो. पण वजनच खोटं असेल तर माल वाढेल तसा फरक वाढत जातो. पहिली ती शून्याची चूक, दुसरी स्पॅनची. कॅलिब्रेशन करणाऱ्याचं पहिलं काम आपल्यासमोर यातली कोणती चूक आहे, की दोन्ही आहेत, हे ओळखणं. त्यासाठी हातपंप.

शटडाउनमध्ये ट्रान्समीटर उतरवून टेबलावर आणला की तो साइटवर जसा उभा होता तसाच उभा बसवायचा. आतल्या पडद्यामागे तेल भरलेलं असतं, उपकरण आडवं केलं तर त्या तेलाच्या वजनानेच शून्य थोडं हलतं. मग पंपाला एकीकडे ट्रान्समीटर आणि दुसरीकडे मास्टर गेज जोडायचा. मास्टर म्हणजे प्रमाणपत्र असलेला अचूक डिजिटल गेज. ट्रान्समीटरमध्ये जेवढी चूक चालते, तिच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त चूक मास्टरची नसावी. इथे अर्धा टक्का, म्हणजे 0.08 किलो चालणार असेल, तर मास्टर 0.02 किलोपर्यंत भरवशाचा हवा. ट्रान्समीटरला 24 व्होल्टचा पुरवठा द्यायचा आणि त्याच्या तारेत मिलिअँपिअर मीटर घालायचा.

पंप मारताना घाई नडते. हवा दाबली की ती तापते. हात थांबला की ती थंड होऊ लागते आणि गेजवरचा दाब आपोआप थोडा उतरतो. नवख्या माणसाला वाटतं, कुठेतरी गळतंय. फरक ओळखायची रीत सोपी आहे: थंड होण्यामुळे होणारी उतरण मंदावत जाते आणि एक-दोन मिनिटांत थांबते, गळती मात्र थांबत नाही. थांबली नाही तर जोडांवर साबणाचं पाणी लावायचं. दाब स्थिर झाल्याशिवाय लिहिलेला आकडा फुकट जातो. वर चढताना हव्या त्या आकड्याला खालूनच पोचायचं, शेवटचा थोडा दाब बारीक नॉबने द्यायचा. पुढे निघून जाऊन मागे आलो, तर पडद्याचा चढता आणि उतरता स्वभाव एकमेकांत मिसळतो.

कुठलाही स्क्रू फिरवण्याआधी, कम्युनिकेटरवरचं कुठलंही बटण दाबण्याआधी, उपकरण जसं आलं तसंच तपासून आकडे लिहायचे. ही पायरी गाळणं मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण गेलं वर्षभर कंट्रोल रूमला काय दिसत होतं याचा पुरावा त्यातच असतो. समजा, आपल्याला असे आकडे मिळाले: शून्याला 4.08, 4 किलोला 8.12, 8 किलोला 12.16, 12 किलोला 16.20 आणि 16 किलोला 20.24. आता नुसते फरक पाहा. 0.08, 0.12, 0.16, 0.20, 0.24. शून्यालाच 0.08 जास्त आहे, ती शून्याची चूक. त्यापुढे दर 4 किलोमागे 0.04 वाढते आहे, ती स्पॅनची. उतरतानाचे आकडेही जवळपास हेच आले तर पडदा ठीक आहे. चढते आणि उतरते आकडे बरेच वेगळे पडले, किंवा फरक सरळ रेषेत न जाता मध्येच फुगले, तर पडदा थकलाय. ते शून्याने दुरुस्त होत नाही आणि स्पॅननेही नाही.

दुरुस्तीत आधी शून्य. पंपाचा व्हेंट उघडा ठेवून, दाब खरोखर शून्य असताना, कम्युनिकेटरवरून झीरो ट्रिम द्यायचं. मग उरलेले फरक 0, 0.04, 0.08, 0.12, 0.16 होतात, आता ही शुद्ध स्पॅनची चूक राहिली. पंपाने 16.00 किलो आणून, स्थिर होऊ देऊन, वरचं ट्रिम द्यायचं, म्हणजे उपकरणाला सांगायचं की हा दाब 16 आहे. जुन्या स्क्रूवाल्या ट्रान्समीटरमध्ये स्पॅन फिरवला की शून्य पुन्हा हलतं, म्हणून दोन्हींची आलटूनपालटून तीन-चार वेळा समजूत काढावी लागते. शेवटी पाचही बिंदू पुन्हा तपासून नवे आकडे जुन्यांच्या शेजारी लिहायचे.

इथे एक आडवाट लोकांना मोहात पाडते. पंपावर 16 किलो असताना रेंजच्या आकड्यांत फेरफार करून 20 मिलिअँपिअर आणता येतात. मीटर खूश होतो, पण उपकरणाच्या स्वतःच्या डिस्प्लेवर 16.16 तसंच राहतं, कारण मोजमाप चुकीचंच आहे. म्हणून आधी डिस्प्लेवरचा दाब मास्टरशी ताडून पाहावा. तोच चुकत असेल तर सेन्सरचं ट्रिम हवं. डिस्प्ले बरोबर असून फक्त मिलिअँपिअर चुकत असतील, तर दोष प्रवाहाच्या बाजूला आहे आणि आउटपुट ट्रिम वेगळं द्यावं लागतं.

ट्रान्समीटर साइटवर परत बसवताना आणखी एक गोष्ट आड येते. हेडर उंचावर असतो, ट्रान्समीटर माणसाच्या हाताला येईल एवढा खाली. मधल्या नळीत वाफेचं पाणी होऊन उभं असतं. त्या पाण्यामुळेच वाफ पडद्याला थेट भिडत नाही, म्हणून सुरू करण्याआधी ती नळी पाण्याने भरून घ्यावी लागते. पण दहा मीटर पाण्याचा दाब एक किलो होतो. ट्रान्समीटर चार मीटर खाली असेल तर त्याच्यावर 0.4 किलो कायमचं जास्त पडतं. म्हणून रेंज 0.4 ते 16.4 अशी लावतात. हेडर रिकामा असताना आणि नळी भरलेली असताना बरोबर 4 मिलिअँपिअर येतात.

पुढच्या वर्षी कोणी व्हॉल्व्ह बंद करून, ड्रेन उघडून तिथेच शून्य तपासायला गेला, तर त्याला चारपेक्षा कमी प्रवाह दिसतो. गणिताने 3.6 यायला हवेत, पण बरीच आधुनिक उपकरणं 3.8 च्या आसपासच थांबतात. तो माणूस हे बिघडलंय समजून तिथे 4 लावून मोकळा झाला, तर नळी पुन्हा पाण्याने भरल्यावर साडेदहा किलोचा हेडर कंट्रोल रूमला 10.9 दिसतो, आणि यंत्रांना हवी तेवढी वाफ मिळण्याआधीच बर्नर कमी होतो. डिस्प्लेवर त्या क्षणी शून्य किलो दिसत असेल तर ट्रान्समीटर निरोगी आहे. त्याला हात न लावता ड्रेन बंद करावा, नळी भरावी आणि मगच वाफेचा व्हॉल्व्ह सावकाश उघडावा.