सोसायटीतला अंतिम सामना

19 नोव्हेंबर 2023 चा रविवार. अहमदाबादला भारत-ऑस्ट्रेलिया विश्वचषकाचा अंतिम सामना होता आणि आमच्या सोसायटीने तो सगळ्यांनी मिळून मोठ्या पडद्यावर पाहायचं ठरवलं होतं. हिरवळीवर बारा फूट रुंदीचा पडदा ताणला, भाड्याचा प्रोजेक्टर आणला, खुर्च्या मांडल्या. दुपारी दोनला सामना सुरू झाला आणि पडदा पांढराच्या पांढरा राहिला! चित्र होतं, पण ऊन पडलेल्या भिंतीवर पुसट सावली दिसावी तसं. रोहित शर्मा 47 धावांवर बाद झाला, ते मुलांनी मोबाइलवर पाहून आम्हाला सांगितलं.

प्रोजेक्टर बिघडला असावा असं सगळ्यांना वाटलं. दोष त्याचा नव्हता, आमचा होता.

प्रोजेक्टर पडद्यावर प्रकाश टाकतो. काळोख टाकू शकत नाही. चित्रातला काळा भाग म्हणजे ज्या जागी प्रोजेक्टरने प्रकाश टाकलेला नाही ती जागा. ती किती काळी दिसणार, हे आजूबाजूच्या उजेडावर ठरतं. आता आमचा हिशेब पाहा. पडदा बारा फूट रुंद आणि पावणेसात फूट उंच, म्हणजे 81 चौरस फुटांचा. प्रोजेक्टर 4000 ल्यूमेनचा. म्हणजे दर चौरस फुटाच्या वाट्याला पन्नासएक ल्यूमेन आले. दुपारी मोकळ्या जागेत, अगदी सावलीतसुद्धा, दर चौरस फुटावर शेकडो ल्यूमेन उजेड पडत असतो. शेकड्यांपुढे पन्नासांचं काय चालणार? दुप्पट ताकदीचा प्रोजेक्टर आणला असता तरी हेच झालं असतं.

म्हणून पहिलं काम पंचांग पाहण्याचं. नोव्हेंबरच्या मध्याला आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दोनला सुरू होणाऱ्या एकदिवसीय सामन्याचा पहिला डाव साडेपाचपर्यंत चालतो. म्हणजे आख्खा पहिला डाव उजेडात जाणार आणि दुसरा डाव अंधारात येणार. मग पहिला डाव सभागृहात किंवा इमारतीखालच्या पार्किंगमध्ये दोन मोठे टीव्ही लावून पाहावा. मधल्या सुट्टीत खुर्च्या हिरवळीवर आणाव्यात. ज्यांना दिवा लावायचा ते दिवा लावून येतात, ज्यांना मगरिबची नमाज पढायची ते पढून येतात आणि साडेसहाला पडदा लख्ख दिसतो. दुपारीही मोठाच पडदा हवा असेल, तर स्वतःच्या प्रकाशाने उजळणारी एलईडी भिंत भाड्याने घ्यावी लागते. तिचा खर्च प्रोजेक्टरच्या कितीतरी पट असतो. काहीही घेतलंत, तरी आदल्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी लावून पाहा. रात्री घेतलेली चाचणी दुपारच्या सामन्याला उपयोगाची नाही.

दुसरी चूक आम्हाला अंधार पडल्यावर कळली. डिशची वायर हिरवळीपर्यंत पोचत नव्हती, म्हणून आम्ही लॅपटॉपवरून इंटरनेटवर सामना लावला होता. ऑस्ट्रेलियाचे दोन गडी बाद झाले होते, बुमराह गोलंदाजीला येत होता आणि समोरच्या इमारतीतून एकदम आरोळी उठली. आमच्या पडद्यावर तो अजून धावायला लागायचा होता. स्टीव्ह स्मिथ बाद झाला, धावसंख्या 3 बाद 47 झाली. पण आम्ही ते पाहिलं ते शिळी बातमी वाचावी तसं.

असं का होतं? इंटरनेटवरचं चित्र लहान लहान तुकडे करून पाठवलं जातं. मध्येच अडखळू नये म्हणून काही तुकडे आधी साठवून मगच ते दाखवलं जातं. या साठवणीत पाव-अर्धा मिनिट सहज जातं. डिश किंवा केबलचं चित्रही थोडं मागे असतंच, पण बहुधा इतकं नाही. आपलं चित्र किती मागे आहे हे समजायला सोपी युक्ती आहे. कुठल्याही चालू सामन्यात टीव्ही आणि लॅपटॉप शेजारी ठेवा आणि एकच चेंडू दोन्हींवर केव्हा पडतो ते घड्याळात मोजा. म्हणून मुख्य जोडणी सेट-टॉप बॉक्सची असावी, त्यासाठी लांब वायर आधीच ओढून घ्यावी. इंटरनेट हाताशी ठेवावं, कारण मुसळधार पावसात डिशचा संदेश तुटतो. आणि वीज! ती दहा सेकंद गेली, तरी दिव्याचा प्रोजेक्टर गार होऊन पुन्हा पेटायला काही मिनिटं घेतो, बॉक्सही नव्याने सुरू होतो. तेवढ्यात दोन षटकं जातात. या दोघांपुरता एक यूपीएस भाड्याने घेतला की ही चिंता मिटते.

आता आवाजाकडे येतो. इथे प्रश्न यंत्राचा नाही, शेजाऱ्यांचा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर तो लावता येत नाही. सभागृहासारख्या बंद जागेत, आवाज आतल्या आत ठेवून, तो चालतो. म्हणून सामना केव्हा संपणार हे आधी कागदावर मांडा. 29 जून 2024 चा टी-ट्वेंटीचा अंतिम सामना बार्बाडोसला होता. आपल्याकडे तो रात्री आठला सुरू झाला आणि दक्षिण आफ्रिकेचा डाव जवळजवळ सगळा दहानंतर झाला. दुपारच्या सामन्याचाही भरवसा नाही. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईतला महिलांचा अंतिम सामना तीनऐवजी पावसामुळे पाचला सुरू झाला आणि संपेपर्यंत मध्यरात्र झाली.

जूनमधल्या त्या सामन्याला आम्ही शहाणे झालो होतो. पावसाचे दिवस, रात्रीची वेळ, म्हणून सुरुवातीपासूनच सभागृहात बसलो. डीजेवाल्याचे धडधडणारे मोठे स्पीकर नाकारले. समालोचन म्हणजे बोलणं. त्याला शब्द स्पष्ट ऐकू यावे लागतात, दणका लागत नाही. एका टोकाला एक मोठा स्पीकर लावण्याऐवजी चार लहान स्पीकर भिंतींवर लावले, म्हणजे मागच्यांसाठी आवाज वाढवावा लागला नाही. ते वायरने जोडले. बिनवायरच्या स्पीकरवर आवाज चित्राच्या मागे राहू शकतो.

पैशाचंही सांगतो. खर्च सभासदांच्या वर्गणीतून केला, दारावर तिकीट लावलं नाही. प्रक्षेपण पैसे घेऊन लोकांना दाखवण्याचा हक्क कॉपीराइट कायद्याने प्रक्षेपण करणाऱ्याकडे ठेवला आहे. तिकीट लावायचं तर त्याची परवानगी हवी.

सभागृहाच्या बरोबर वर एक आजी अंथरुणाला खिळून होत्या. आदल्या दिवशी आम्ही दोघे-तिघे त्यांच्याकडे गेलो, सामना साडेअकरापर्यंत चालेल असं सांगितलं आणि त्रास झाला तर फोन करा म्हणून नंबर ठेवून आलो. शेवटच्या षटकात सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला तेव्हा सभागृहात जो आवाज उठला, त्याला कुठलाही नियम आवरू शकला नसता. भारत सात धावांनी जिंकला आणि फोन वाजला. मी घाबरतच उचलला. पलीकडून आजींच्या सूनबाई बोलत होत्या, "आई विचारतायत, जिंकलो ना?"