दाटी झाली की उजेड

हवाई बेटांच्या उथळ किनाऱ्यावर अंगठ्याएवढा एक स्क्विड राहतो. दिवसभर तो वाळूत स्वतःला पुरून घेतो आणि रात्री शिकारीला निघतो. चांदण्यात त्याची काळी आकृती खालून उठून दिसली, तर तळाशी टपलेला मासा त्याला गाठणार. म्हणून तो पोटाकडून चांदण्याइतकाच मंद उजेड सोडतो. हा उजेड त्याचा स्वतःचा नसतो. त्याच्या अंगातल्या एका खास अवयवात व्हिब्रिओ फिशरी नावाचे जिवाणू राहतात. स्क्विड त्यांना अन्न देतो, ते त्याला प्रकाश देतात.

हेच जिवाणू समुद्रात सुटे असताना जवळजवळ अंधारेच असतात. प्रकाशाची जनुके तेव्हाही त्यांच्याजवळ असतात, पण प्रकाश निर्माण करायला बरीच ऊर्जा लागते आणि एकट्या जिवाणूचा उजेड कुणाच्याही नजरेस पडत नाही. मग ‘आता आपण पुरेसे आहोत’ हे डोळे नसलेल्या, मेंदू नसलेल्या पेशीला कळते कसे?

याचा धागा 1970 मध्ये हाती लागला. नीलसन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज हे संशोधक या जिवाणूंना ताज्या पोषकद्रवात वाढवत होते. जिवाणूंची संख्या लगेच वाढू लागे, उजेड मात्र काही तास वाढत नसे. दाटी झाली की तो एकदम उसळी घेई. याची दोन कारणे संभवत होती. एक तर ताज्या द्रवात प्रकाशाला अडवणारे काहीतरी असावे आणि जिवाणू ते हळूहळू संपवत असावेत. किंवा जिवाणूच काहीतरी बाहेर सोडत असावेत आणि ते साचल्यावर प्रकाश सुरू होत असावा. संशोधकांनी दाट वाढीतले जिवाणू काढून टाकले आणि उरलेला द्रव विरळ जिवाणूंना दिला. ते वेळेआधीच चमकू लागले. म्हणजे द्रवात साचलेला एक पदार्थच प्रकाश सुरू करत होता.

1981 मध्ये या पदार्थाची रासायनिक रचना उलगडली. तो होमोसेरिन लॅक्टोन गटातला एक लहान रेणू निघाला. पेशीतले ‘लक्सआय’ हे प्रथिन तो सतत, पण थोडाथोडा बनवते. रेणू इतका लहान की पेशीच्या आवरणातून सहज आतबाहेर करतो. मोकळ्या समुद्रात तो बाहेर पडला की विरून जातो. स्क्विडच्या बंदिस्त अवयवात मात्र तो साठत जातो आणि पेशींत परत शिरतो. तिथे ‘लक्सआर’ हे दुसरे प्रथिन त्याला धरते आणि ही जोडी प्रकाशाच्या जनुकांना चालू करते. त्याच जनुकांच्या रांगेत लक्सआयचे जनुकही असते. म्हणजे संकेत पोहोचला की संकेताचे उत्पादनही वाढते. म्हणूनच उजेड हळूहळू न चढता उसळी घेतो. रोज पहाटे स्क्विड यांपैकी सुमारे 95 टक्के जिवाणू पाण्यात सोडून देतो. मागे उरलेले दिवसभरात वाढतात आणि रात्रीपर्यंत पुन्हा दाटी होते.

1994 मध्ये या यंत्रणेला ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव मिळाले. त्यावरून जिवाणू एकमेकांची मोजदाद करतात असे वाटते. प्रत्यक्षात पेशीला फक्त भोवतालच्या रेणूची तीव्रता कळते. ती संख्येने वाढते, तशी जागा बंदिस्त असली तरीही वाढते. एका प्रयोगात स्टॅफिलोकॉकस ऑरियसची एकेक पेशी अतिसूक्ष्म थेंबात कोंडली, तेव्हा एकटी असूनही तिची ही यंत्रणा चालू झाली. उलट वाहत्या पाण्यात रेणू धुऊन जातो, आणि दाटी असूनही संकेत पोहोचत नाही.

हीच पद्धत व्हिब्रिओ फिशरीचा नातेवाईक असलेला पटकीचा जिवाणू, व्हिब्रिओ कॉलरी, उलट्या दिशेने वापरतो. आतड्यात तो थोडा असतो, तेव्हा भिंतीला चिकटून विष बनवतो. दाटी झाली की संकेतरेणू विष आणि चिकटपणा या दोन्हींशी निगडित जनुके बंद करतो. जिवाणू सुटे होतात आणि जुलाबांबरोबर पुढच्या माणसाकडे निघतात.

जिवाणूंचा हा संकेत तोडला तर रोग आटोक्यात येईल, अशी कल्पना अनेकदा मांडली जाते. दाटी झाल्यावर विष सोडणाऱ्या जंतूंबाबत ती योग्य ठरू शकते. पटकीत मात्र तसे केल्यास विषाचा कारखाना चालूच राहील. तिथे उपाय संकेत तोडण्याचा नाही, तो वेळेआधी देण्याचा आहे. 2010 मध्ये संशोधकांनी एका निरुपद्रवी ई. कोलायला पटकीचा संकेतरेणू बनवायला लावले आणि तो उंदरांच्या पिल्लांना पाजला. त्यानंतर पटकीचा संसर्ग दिला, तेव्हा जगलेल्या पिल्लांचे प्रमाण बरेच वाढले. जिवाणूंना आपण खूप झालो आहोत असे खोटेच कळले आणि त्यांचा मारा ओसरला. त्यामुळे असे औषध शोधताना पहिला प्रश्न हाच असतो, की दाटी झाल्यावर हा जंतू हल्ला सुरू करतो की थांबवतो?